पॅनकेक दर वेळी चिवट आणि चपटे होतात? आधी फेटणं थांबवा, मग सोड्याकडे बघा

तक्रार बहुतेकांची एकच असते. पाकिटावरचं किंवा व्हिडिओतलं माप तंतोतंत घेतलं, पीठ छान एकजीव केलं, एकही गुठळी ठेवली नाही, आणि तव्यावरून उतरलं ते ओढलं तर ताणलं जाणारं, दाताला चिवट लागणारं, जेमतेम पोळीइतक्या जाडीचं काहीतरी. पुढच्या रविवारी बेकिंग पावडर वाढवली जाते, त्याच्या पुढच्या रविवारी अंडं वाढवलं जातं, आणि पदार्थ आहे तिथेच राहतो. कारण बिघाड मापात नसतो. तो गंजात पीठ कालवतानाच्या पहिल्या दोन मिनिटांत आणि त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत असतो.

नागपुरात मनीषनगरला राहणाऱ्या माझ्या भाचीचंच उदाहरण घेते, कारण तिच्या एका घाण्यात जवळपास सगळे बिघाड एकत्र नांदत होते. तिचा फोन आला तो असा: "मावशी, माझे पॅनकेक रबरासारखे होऊन राहिले. पहिले दोन जरा तरी फुगतात, मग सगळे चपटे. असं काऊन होते?" तिची कृती विचारली. एक कप मैदा, एक कप ताक, एक चमचा खाण्याचा सोडा, अंडं, साखर. हे सगळं एकाच भांड्यात घालून हँड ब्लेंडरनं तीन-चार मिनिटं फिरवायचं, लगेच तव्यावर घालायचं आणि दर पॅनकेकआधी "खाली बसलं असेल" म्हणून डावानं ढवळून घ्यायचं. कुठेतरी वाचून तिनं पीठ तासभर झाकून ठेवूनही पाहिलं होतं. त्या दिवशी तर एकही फुगला नाही. मग "ते भिजवून ठेवणं वगैरे काही खरं नसते" असा तिनं निकाल दिला.

निकाल चुकीचा होता, पण तो का चुकला हे समजण्यासारखं आहे. भिजवून ठेवणं आणि सोडा या दोघांचं आपसात भांडण आहे. ते आधी सोडवावं लागतं. तिथे येतेच, पण त्याआधी फेटण्याचं पाहू.

आपल्या घरात "फेटून फेटून हलकं करा" हे वाक्य लहानपणापासून कानावर असतं. भज्यांचं बेसन फेटायचं, दहीवड्याची उडदाची डाळ हाताने फेटायची, पाण्यात थेंब टाकून तो तरंगतो का बघायचं. तिथे हे अगदी बरोबर आहे. बेसनात आणि उडदात ग्लुटेन नसतं. जितकं फेटाल तितकी हवा शिरते, आणि चिवटपणा यायला कारणच नसतं. मैदा मात्र गव्हाचा. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. त्यांना पाणी मिळालं की ती एकमेकांना धरायला लागतात, आणि चमचा फिरत राहिला की त्यांचं जाळं लांब, घट्ट आणि ताणलं जाणारं होतं. तेच ग्लुटेन. तेव्हा बेसनाची सवय मैद्याला लावली की हवा शिरते थोडी, आणि जाळं तयार होतं भरपूर.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नागपुरात लांब जायला नको. लांब पोळी करणारी बाई काय करते ते बघा. ती कणीक सैल भिजवून आपटत राहते, इतकी की शेवटी ती हातावरून पदरासारखी खाली उतरते आणि तरी फाटत नाही. मग ती उलट्या मडक्यावर पसरते. तिला हवं असतं ते ग्लुटेनच, आणि ते ती मेहनतीनं मिळवते. हँड ब्लेंडरवाली भाची तीच मेहनत यंत्राकडून करून घेत होती, फक्त चुकीच्या पदार्थासाठी.

जास्त फेटलेलं पीठ ओळखायला सोपं आहे. डाव वर उचलला की ते तुकड्यातुकड्यानं पडत नाही, चकचकीत दिसतं आणि अखंड धारेनं ओघळतं. तव्यावर घातलं की कडा थोड्या आत ओढल्या जातात. भाजलेला पॅनकेक मधोमध फाडा. आत बारीक, सारखी जाळी न दिसता खालून वर जाणारी उभी लांबट भोकं दिसली आणि त्यांच्या मधला भाग गच्च असला, तर ते फेटण्याचंच काम. वायूला पसरायला जागा मिळत नाही, तो जिथे वाट सापडेल तिथून बोगदा करून वर निघतो. वर घट्ट जाळं असल्यामुळे पॅनकेक फुगण्याऐवजी ताणून राहतो आणि तव्यावरून उतरला की बसतो. शिवाय ब्लेंडर फिरत असताना सोड्याचा वायू सुटतच असतो, तो भांड्यातच उडून जातो. म्हणजे एकाच वेळी चिवटपणा वाढवला आणि फुगवण्याची ताकद घालवली.

यावर भाचीचा प्रश्न होता, "मग फेट्याशिवाय गुठळ्या कशा मोडतील?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर त्या पंधरा मिनिटांत आहे. गुठळ्या मोडायच्याच नाहीत. त्या आपोआप भिजतात.

कोरडा मैदा ओल्यात पडला की प्रत्येक कण लगेच पाणी ओढून घेत नाही. बाहेरचे कण भिजतात, आतले कोरडे राहतात, तीच गुठळी. हाताने तिला फोडायला जाल तर आजूबाजूचं सगळं पीठ विनाकारण फेटलं जातं. नुसतं झाकून ठेवलं तर पाणी स्वतःच आत झिरपतं. भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या गुठळ्या दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडतात, आणि उरल्यासुरल्या तव्यावर वाफेनं शिजतात. बोराएवढ्या मात्र मऊ पडत नाहीत. तेवढ्या मोठ्या दिसल्या तर चमच्याच्या पाठीनं भांड्याच्या कडेला दाबून मोडा, बाकी पीठाला हात लावू नका.

दुसरं असं की पिठानं पाणी ओढलं की ते दाट होतं. नुकतं कालवलेलं पीठ तव्यावर पातळ पसरतं, आणि पातळ पिठात बुडबुडा वर येऊन फुटून जातो. तेच पीठ पंधरा मिनिटांनी दाटसर होतं, डावावरून गोळ्यागोळ्यानं पडतं, तव्यावर हळूहळू पसरून अर्धा सेंटिमीटर जाडीवर थांबतं. बुडबुडे त्यात अडकून राहतात. म्हणजे उंची मिळते ती बरीचशी या दाटपणामुळे. तिसरं, कालवताना जे थोडंफार ग्लुटेन तयार झालेलं असतं त्याचा ताण या वेळात सैल पडतो, कणीक मळून झाकून ठेवली की लाटायला सोपी जाते तसाच.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. थोडं तयार झालेलं ग्लुटेन ठेवल्यानं सैल पडतं, चार मिनिटं ब्लेंडर फिरवून तयार केलेलं जाळं नाहीसं होत नाही. उडून गेलेला वायूही परत येत नाही. ठेवणं हे कमी फेटण्याचं दुसरं अर्ध काम आहे. जास्त फेटल्यावरचं औषध म्हणून ते अर्धवटच चालतं.

आता सोड्याचं भांडण. खाण्याचा सोडा आंबट पदार्थाला लागला की त्याच क्षणी वायू सोडायला लागतो, आणि बहुतेक सगळा काही मिनिटांत सोडून मोकळा होतो. उष्णतेची वाट तो बघत नाही. भाचीनं तासभर ठेवलेलं पीठ का मेलं ते यात आलं. सोड्याचा जोर पहिल्या काही मिनिटांतच संपला, पुढची पन्नास-पंचावन्न मिनिटं ती रिकाम्या पिठाची राखण करत बसली. आणि न ठेवता केले तेव्हा पहिले दोन फुगत आणि बाकीचे नाही, तेही यामुळेच. ढवळण्यानं उरलेला वायू आणखी लवकर गेला.

शिवाय तिचं सोड्याचं मापच दुप्पट होतं. चांगल्या आंबट, दाट ताकाच्या एका कपाला साधारण अर्धा चहाचा चमचा सोडा पुरतो. आपलं घरचं ताक पाणी घालून पातळ केलेलं असतं, त्यात आंबटपणा त्याहून कमी, म्हणून सोडा त्याहूनही कमी लागतो. जास्तीचा सोडा तसाच मागे उरतो. पॅनकेक पटकन काळपट तांबडा होतो आणि तोंडात साबणासारखी चव येते. ही खूण ओळखायला शिका. उलट दही फार आंबट आणि सोडा कमी असेल तर पॅनकेक फिका राहतो, कितीही भाजला तरी रंग धरत नाही. मे महिन्यात ओट्यावर राहिलेलं दही दुपारपर्यंत किती आंबट होतं ते आपल्याला सांगायला नको. तेव्हा सकाळच्या कृतीचंच माप संध्याकाळी घेतलं तरी पदार्थ वेगळा होऊ शकतो.

व्हिडिओतल्या परदेशी कृतीत जे ताक असतं ते विरजण लावून दाट केलेलं असतं, आपल्या मठ्ठ्यासारखं नसतं. त्या जागी आपलं ताक घालणं हीच अर्ध्या बिघाडांची सुरुवात. दही फेटून त्यात थोडं दूध घाला, ते जास्त जवळचं आहे.

भांडण सुटतं बेकिंग पावडरमुळे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बेकिंग पावडर दोनदा काम करतात. ओल्या झाल्या की थोडा वायू, आणि तव्यावर गरम झाल्या की उरलेला. दुसरा हप्ता राखून ठेवलेला असल्यामुळे पीठ पंधरा-वीस मिनिटं ठेवता येतं. आपली पावडर दोनदा काम करणारी आहे का, हे डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. घरी बघून घ्या. वाटीत थंड पाणी घेऊन अर्धा चमचा पावडर टाका, फेस येऊन थांबू द्या. मग तेच पाणी छोट्या भांड्यात गरम करा. गरम होताना पुन्हा जोरात फेसाळलं तर दोनदा काम करणारी आहे, चुपचाप राहिलं तर एकदाचीच. घटकांच्या यादीत ४५० किंवा ५४१ हे क्रमांक दिसले तर उष्णतेची वाट बघणारं आम्ल त्यात आहे असं समजा.

आणि पावडर जिवंत आहे का तेही बघा, विशेषतः नागपुरात. उन्हाळाभर घरात कूलर चालतो, खोलीतली हवा दमट, मग पाठोपाठ पावसाळा. अर्धवट मिटलेल्या पाकिटातली पावडर त्या ओलीनं डब्यातच थोडी थोडी काम करून मोकळी होते. अर्धा कप कडकडीत पाण्यात एक चमचा टाका. एकदम उसळून फेस आला पाहिजे. रेंगाळत चार बुडबुडे आले तर ती फेकून द्या, माप वाढवून भरपाई होत नाही.

आता भाचीला मी सांगितलेलं माप. मैदा दीडशे ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा. हे कोरडं. ओल्यात फार आंबट नसलेलं दही १२० ग्रॅम, दूध १०० मिलिलिटर, एक अंडं, वितळवून कोमट केलेलं लोणी ३० ग्रॅम. चमचे मापाचे, सपाट भरून. चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, मोठा म्हणजे १५. यात सात-आठ पॅनकेक होतात. सोडा फक्त १२० ग्रॅम दह्याच्या आंबटपणापुरता आहे, त्याचं काम चव सौम्य करणं आणि रंग आणणं. फुगवण्याचं मुख्य काम पावडरचं. या वाटणीमुळेच हे पीठ ठेवता येतं.

कोरडं सगळं आधी एकत्र चाळून घ्या. हे आळसानं सोडू नका, कारण पावडर नीट पसरवायची ही एकच संधी आहे, नंतर ढवळायला परवानगी नाही. ओलं सगळं दुसऱ्या भांड्यात फेटा, आणि इथे हवं तितकं फेटा. अंड्यात, दह्यात, दुधात ग्लुटेन नाही, हौस इथे भागवून घ्या. दही-दूध फ्रीजमधून थेट काढलेलं असेल तर लोण्याचे गोठून दाणे होतात, त्यामुळे डिसेंबरात तरी ते आधी बाहेर काढून ठेवा. मे महिन्यात ते आपोआपच कोमट होतं.

मग कोरड्याच्या मधोमध खळगा करून सगळं ओलं एकदम ओता. थोडं थोडं घालत गेलात तर दर वेळी ढवळावं लागतं. रवी, व्हिस्क, ब्लेंडर बाजूला ठेवा. लाकडी चमचा किंवा रबरी चमचा घ्या, भांड्याच्या तळाशी न्या, खालचं पीठ वर आणून दुमडा, भांडं थोडं फिरवा, पुन्हा दुमडा. बारा ते पंधरा वेळा. कोरड्या मैद्याचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले की हात काढा. पीठ ओबडधोबड, गुठळ्यांचं, "हे काही बरं दिसत नाही" असं वाटायला हवं. नजर आणि हात दोघंही पुढे ढवळायला सांगतील, ऐकू नका.

वर ताटली झाका. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात ओट्यावर पंधरा मिनिटं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो आणि गॅसजवळचा ओटा त्याहून तापलेला, तेव्हा दहा मिनिटांवर थांबा किंवा भांडं सरळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गरम पिठात पावडरचा पहिला हप्ता झपाट्यानं संपतो, इतकंच त्याचं कारण. याच वेळात तवा तापायला ठेवा, म्हणजे वाट बघितल्यासारखं वाटत नाही.

वेळ झाली हे घड्याळापेक्षा पिठावरून कळतं. पृष्ठभाग थोडा वर आलेला, लहान लहान बुडबुड्यांनी खडबडीत झालेला, आणि डाव बुडवला की आत जाळीदार दिसणारा. आता सगळ्यात अवघड भाग: ढवळू नका. डाव कडेनं आत घाला, भरून उचला, तव्यावर एकाच जागी ओता. पीठ जास्त दाट वाटलं म्हणून दूध घालून हलवणं हा सगळ्यात जास्त लोकांचा मोह, आणि पंधरा मिनिटांची कमाई त्यात दहा सेकंदांत जाते. फारच दाट असेल तर तव्यावर ओतल्यावर डावाच्या पाठीनं हलकेच थोडं पसरवा. दूध पुढच्या वेळी वाढवा.

तव्याचं थोडक्यात. नॉनस्टिक किंवा रापलेला लोखंडी डोशाचा तवा, मध्यम आच. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत नाचत आटला पाहिजे. जागच्या जागी चुरचुरत बसला तर तवा थंड आहे, पडताक्षणी चर्र करून उडाला तर आच फार आहे. तुपाचं डबकं नको, फडक्यानं पुसून घ्या. कडा कोरड्या पडल्या आणि वरचे बुडबुडे फुटून त्यांची भोकं तशीच उघडी राहिली की सराट्यानं उलटा, साधारण दोन-अडीच मिनिटांनी. दुसरी बाजू मिनिटभर. आणि उलटल्यावर सराट्यानं दाबू नका. भाकरीला दाबतात, याला नाही.

भाचीचं यात काय झालं ते सांगते. तिला खात्री पटावी म्हणून एकाच मापाचे तीन छोटे भाग करायला सांगितले. एक बारा वेळा दुमडून लगेच तव्यावर, एक बारा वेळा दुमडून पंधरा मिनिटं ठेवून, आणि एक व्हिस्कनं दोन मिनिटं खसाखसा फेटून, तेही पंधरा मिनिटं ठेवून. पहिला मऊ होता पण पसरट, आणि एकदोन ठिकाणी कोरड्या पिठाचे पांढरे ठिपके निघाले. दुसरा बोटाच्या पेराएवढा उभा राहिला, फाडल्यावर आत बारीक जाळी. तिसरा ठेवूनही दुसऱ्याच्या निम्मा, आत उभे बोगदे, चावताना ओढला जाणारा. तिनं तीनही मधून कापून फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, "ब्लेंडर धुवून ठेवून दिला." हा प्रयोग तुम्हीही एकदा करून बघा. तीन तुकडे शेजारी ठेवले की मला इतकं लिहायची गरज पडत नाही.

यापुढे बिघडलं तर आधी कितवा पॅनकेक बिघडला ते बघा. पहिलाच चपटा आणि पुढचे बरे असतील तर पीठ पुरतं भिजलं नव्हतं किंवा तवा तापला नव्हता. पहिले बरे आणि शेवटचे चपटे असतील तर मधे ढवळणं झालंय, किंवा एकाच तव्यावर इतके पॅनकेक होईपर्यंत पावडर दमली. मोठं कुटुंब असेल तर दोन तवे लावा किंवा कोरडं-ओलं वेगळं ठेवून दोन खेपांत कालवा. सगळेच सारखे चिवट असतील तर फेटणं. सगळेच मऊ पण बसके असतील तर पावडर मेलेली आहे किंवा पीठ फार वेळ राहिलं. तीस-चाळीस मिनिटांपलीकडे हे पीठ मी ठेवत नाही. रात्री कालवून सकाळी करायचं मनात असेल तर कोरडं मिश्रण डब्यात आणि लोणी सोडून बाकी ओलं मिश्रण फ्रीजमध्ये, असं वेगवेगळं ठेवा, सकाळी लोणी वितळवून एकत्र करा.

बिनअंड्याचं करणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. अंडं काढा, दूध चाळीस मिलिलिटर वाढवा, बाकी तेच. उंची थोडी कमी मिळते. अंडं धरून ठेवायला नसतं म्हणून उलटताना घाई चालत नाही, पहिल्या बाजूला अर्धा मिनिट जास्त द्या.

कणकेचं करायचं असेल तर निम्मी कणीक आणि निम्मा मैदा इथपर्यंत हे माप चालतं. चक्कीवर दळलेल्या कणकेत कोंडा असतो आणि दळताना दगडाखाली पिठूळ भाग जास्त तुटलेला असतो, त्यामुळे ती मैद्यापेक्षा जास्त पाणी ओढते आणि हळूहळू ओढते. दूध पंचवीस-तीस मिलिलिटर वाढवा, पंचवीस मिनिटं ठेवा, आणि इतका वेळ ठेवायचं म्हणून सोडा वगळून अर्धा चमचा पावडर वाढवा.

आणखी एक नागपुरी मोह: संत्र्याचा रस. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की दुधाऐवजी रस घालावा असं वाटणारच. पण रस आंबट, त्यामुळे सोड्याचं काम कालवता कालवताच आटोपतं आणि ठेवण्यात काही उरत नाही. चव सालीत जास्त असते. सालीचा फक्त केशरी भाग किसणीवर हलकेच किसून ओल्या मिश्रणात घाला, पांढरा आला तर कडू होईल. रस साखर घालून आटवा आणि वरून ओता.

वॉफलला हेच पीठ चालतं, दोन बदल करून. लोणी दुप्पट करा, नाहीतर साल कुरकुरीत होत नाही आणि चिकटतं. आणि अंड्याचा पांढरा भाग वेगळा ठेवा. पीठ पिवळ्या बलकानं कालवून पंधरा मिनिटं ठेवा, मग पांढरा भाग टोक उभं राहीपर्यंत फेटून अगदी शेवटी दोन खेपांत दुमडून घाला. आधी घालून ठेवलात तर तो फेस पंधरा मिनिटांत पाणी सोडतो, सगळी मेहनत वाया. मशीन पूर्ण तापलेलं हवं, आणि वाफ निघायची थांबली की उघडा, त्याआधी उघडलं तर वॉफल मधून फाटून दोन्ही बाजूंना चिकटतं. वॉफल चिवट झालं तर कारण तेच, फेटणं. फक्त ते पॅनकेकइतकं लवकर लक्षात येत नाही, गरम असताना कुरकुरीत साल झाकून घेते आणि पाच मिनिटांनी चामडं हाती येतं.

आणि सवयीनं हात फिरलाच, पीठ चकचकीत धारेचं झालंच, तर पुन्हा पावडर घालून ढवळत बसू नका. त्यात पाऊण कप दूध आणखी घाला, तासभर झाका आणि पातळ पसरवून धिरड्यासारखं काढा. पातळ थराला फुगायचं नसतं आणि थोडा ताण असला तर उलटताना फाटत नाही. तासाभरात उरलेला चिवटपणाही बराच उतरतो. आत गूळ-खोबरं भरून गुंडाळी करा. घरातल्यांना पॅनकेकचं वचन दिलं असेल तर तेवढं मात्र तुम्हालाच निस्तरावं लागेल.